खोक्यावरचा नंबर आणि मशीनवरचा नंबर

सांगलीतलं हार्डवेअरचं दुकान वडिलांचं. 2020च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही स्वतःची वेबसाइट काढली आणि कॉर्डलेस ड्रिल मशीन कुरिअरने पाठवायला लागलो. ऑर्डरी वाढल्या, तशी परत येणारी पार्सलंही.

'चालत नाही' म्हणून आलेलं एक पार्सल मी विसरू शकत नाही. खोकं आमचंच, मॉडेलही तेच. पण हवेच्या फटींत सिमेंटची भुकटी दाटलेली, चकच्या जबड्यांवर चरे आणि बॅटरीच्या पत्र्यांवर घासल्याच्या रेघा. महिनोन्‌महिने साइटवर राबलेलं मशीन होतं ते. तरी पैसे परत द्यावे लागले, कारण आमच्या बिलावर सिरीयल नंबरच नव्हता. आम्ही कोणतं मशीन पाठवलं, हे सिद्ध कशाने करणार?

मग नंबर लिहायला लागलो, पण खोक्यावरचा. तिथे आमच्या हातून एका प्रामाणिक ग्राहकावर अन्याय झाला. नंबर जुळत नाही म्हणून आम्ही त्यांना रिफंड नाकारला. त्यांनी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवला. त्यात पहिल्या दिवसापासून आतलं मशीन तेच दिसत होतं. काउंटरवर ग्राहकांना दाखवताना दोन मशीनची खोकी आम्हीच अदलाबदल केली होती. माफी मागून त्याच दिवशी पैसे परत केले.

तेव्हापासून नंबर मशीनच्या अंगावरचाच घेतो. पॅक करण्याआधी एकाच फोटोत मशीनवरची पट्टी, बिल आणि कुरिअरची चिठ्ठी येते. बॅटरीचा नंबर वेगळा घेतो, कारण नुसती बॅटरीही बदलली जाते. परत आलेलं पार्सल कॅमेऱ्यासमोर, मध्ये न थांबता उघडतो. पट्टीच्या कडा उचललेल्या आहेत का, तेही बघतो. पट्टी सोलून दुसऱ्या मशीनवर चिकटवता येते. 8 आणि B, 0 आणि O यांत गफलत होते, म्हणून फोटो मोठा करून दोघंजण नंबर वाचतात.

परवाच्या पार्सलमध्ये पाठवलेल्या मशीनचे शेवटचे आकडे 4817 आणि परत आलेल्याचे 4236. ग्राहकांना दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. लिहिलं, "दादा, आम्ही पाठवलेलं मशीन हे नाही. आमचं मशीन आल्याशिवाय रिफंड देता येणार नाही. आलेलं मशीन आम्ही जपून ठेवलंय, पत्ता कळवा, परत पाठवतो." चोर, फसवणूक असले शब्द आम्ही कधीच लिहीत नाही. माल सदोष असेल, तर 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला रिफंड नाकारता येत नाही. म्हणून नकार फक्त नंबरापुरता ठेवतो, मशीन बिघडलंय की नाही या वादात त्या टप्प्यावर शिरत नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. भावाकडेही तेच मॉडेल होतं, साइटवर पिशव्या बदलल्या होत्या. आठवड्याने 4817 आलं. स्विच खरंच अडकत होता. रिफंड लगेच केला आणि भावाचं मशीन आमच्या खर्चाने परत धाडलं.