थिअरी टेस्टमधलं ‘पाहिजे’: मस्ट कुठे, शुड कुठे

ब्रिटनच्या ड्रायव्हिंग थिअरी टेस्टसाठी हायवे कोड, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांचं अधिकृत पुस्तक, वाचताना मला ‘पाहिजे’ या शब्दाने अडवलं. ‘मस्ट’ वाचलं की मनात ‘थांबलं पाहिजे’ येई आणि ‘शुड’ वाचलं तरी तेच येई. म्हणून वहीत मी मस्टला ‘बंधनकारक’ आणि शुडला ‘थांबावं’ असं लिहायला लागलो.

कोडमध्ये मस्ट आणि मस्ट नॉट ठळक मोठ्या अक्षरांत असतात आणि त्या नियमाखाली कायद्याचं नाव दिलेलं असतं. मात्र नुसत्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. नियम 243 मध्ये ‘डू नॉट’ही मोठ्या अक्षरांत आहे: शाळेच्या दारापाशी किंवा जंक्शनपासून 10 मीटरच्या आत गाडी लावू नका. तरीही हे शब्द सल्ल्याचेच. नियम 244 तर एकाच वाक्यात दोन्ही सांगतो: फुटपाथवर गाडी लावायला लंडनमध्ये मस्ट नॉट, इतरत्र शुड नॉट.

मला सगळ्यात जास्त शिकवलं झेब्रा क्रॉसिंगने. माणूस झेब्र्यावर उतरलेला असेल तर त्याला वाट देणं मस्ट. तो अजून कडेला थांबलेला असेल तर वाट देणं शुड, आणि हे 29 जानेवारी 2022 च्या बदलानंतरचं आहे. त्याच बदलाने जंक्शनवर वळताना रस्ता ओलांडणाऱ्याला आणि ओलांडायला थांबलेल्यालाही वाट द्यावी असं सांगितलं; तेही शुडच.

आता प्रश्न असा समजा: झेब्र्याच्या कडेला एक बाई उभ्या आहेत, तुम्ही काय करावं? सुरुवातीला मी मनात म्हणे, कायदा अजून लागू झालेला नाही, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. हे उत्तर चूक. प्रश्न ‘काय करावं’ असा असला की सगळ्यात सुरक्षित वागणूक निवडायची, म्हणजे वेग कमी करून थांबायची तयारी ठेवायची आणि त्यांना वाट द्यायची. ‘कायद्याने किमान किती’ असं विचारलं, तरच कायद्याचा आकडा.

टायरचं उदाहरण घ्या. कारच्या टायरची खाच कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खोल लागते. 3 मिलिमीटरला टायर बदला असं बरेच मेकॅनिक सांगतात आणि पावसात ते शहाणपणाचंच आहे. पण ‘कायदेशीर किमान’ विचारल्यावर 3 वर खूण केली की गुण गेला. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, ओल्या रस्त्यावर त्याच्या किमान दुप्पट, हा मात्र सल्ला.

सल्ला मोडला म्हणून तेवढ्यावरून खटला होत नाही. पण 1988 च्या रोड ट्रॅफिक ॲक्टनुसार कोडचा कोणताही नियम न पाळणं कोर्टात तुमची जबाबदारी ठरवताना पुढे आणता येतं. अंतर न ठेवता पुढच्या गाडीला धडकलात, तर ते दोन सेकंद तिथे निघतील.