साडेचार तास आधीच हजर

आज दुपारी तीनला मी लॅपटॉप उघडून, हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलोय आणि समोर कुणीच नाही. दहा मिनिटं वाट बघितली, मग मेसेज टाकला तर समोरून उत्तर, "अरे, अजून साडेचार तास आहेत!" परत मेल उघडून बघितला, स्पष्ट लिहिलं होतं 3 PM IST. आता आपल्या डोक्यात आयएसटी म्हणजे भारताचीच वेळ, पण पाठवणारा बसलाय डब्लिनमध्ये आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यातल्या वेळेला आयरिश स्टँडर्ड टाइम म्हणतात, म्हणजे तेही आयएसटीच! त्यांचे तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. (इस्रायलचीही एक आयएसटी आहे म्हणे, ती आणखी वेगळी.) चूक ना त्याची ना माझी.

मी म्हटलं पुढच्या वेळी यूटीसी प्लस वन, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे, असं लिही, पण मग लक्षात आलं की ही मीटिंग दर आठवड्याला आहे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर त्यांचे तीन म्हणजे आपले साडेआठ होणार, आणि प्लस वन लिहिलेलं तसंच राहिलं तर तेच बिचारे दोनला येऊन बसतील. त्यापेक्षा सरळ "दुपारी ३, डब्लिनची वेळ" लिहायचं. कॅलेंडरमध्येही Europe/Dublin निवडता येतं, मग घड्याळ कधी बदलायचं ते कॅलेंडरच बघतं.

असो, साडेसातला परत बसलो. तेव्हा तो पाच मिनिटं उशिरा आला 😄