गोठलेली बाटली आणि पांढरी रेघ

आमच्या पुण्याच्या घरात हिवाळा आल्याची पहिली खबर मला न्हाणीघरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडून मिळते. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठू लागते, त्यामुळे दिवाळीच्या मागेपुढे एखाद्या सकाळी बाटली उलटी धरली तरी थेंबही पडत नाही, आणि तेव्हा मला कळते की आता कपाटातली मॉइश्चरायझर जेलची ट्यूब मागे सारून क्रीमची डबी पुढे आणायला हवी.

ही अक्कल मात्र मला उशिरा आली. लहानपण दादरला गेले आणि तिथे तेल गोठलेले क्वचितच पाहिले. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर पहिल्या डिसेंबरात मी मुंबईचेच जेल इमानाने लावत राहिले. लावताना ते गार आणि सुखद वाटे, पण अर्ध्या तासात गालांवर कोणी कांजी फासून वाळवली असावी तसा ताण येई. नडगीवरून नखाने हलकेच ओढले की पाटीवर पेन्सिलीने काढावी तशी पांढरी रेघ उमटे. मी आणखी जेल लावी आणि रेघ आणखी ठळक होई.

कारण शोधायला ट्यूबच्या पाठीमागची बारीक अक्षरे पुरली. घटकांची नावे तिथे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. माझ्या जेलमध्ये आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग घट्टपणासाठी कार्बोमर एवढेच होते. तेलाचा किंवा मेणाचा पत्ताच नव्हता. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पण ते उडून जाऊ नये म्हणून वर झाकण घालणे त्याला जमत नाही. जुलैत हवाच ओलीचिंब असल्याने झाकणाची फारशी गरज पडत नाही. डिसेंबरातल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी मात्र जेलमधले पाणी तर उडतेच, शिवाय त्वचेतलेही निसटत राहते. आणि थंडीत आपण कढत पाण्याने अंघोळ करून त्वचेचे स्वतःचे तेल आधीच धुऊन टाकलेले असते. ते झाकण क्रीममध्ये असते. पेट्रोलियम जेली, मिनरल ऑइल, शिया बटर यांपैकी एखादे नाव यादीत वरच्या बाजूला दिसले की ते क्रीम थंडीचे समजावे. लोशनमध्येही तेल आणि पाणी दोन्ही असतात, पण पाण्याचा वाटा बराच मोठा, म्हणून ते पातळ असते आणि ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीसारख्या अध्यामध्या महिन्यांत बरे पडते.

चूक उलट्या बाजूनेही होते, आणि ती मी केलेली आहे. क्रीमची महागडी डबी संपवायचीच, या मध्यमवर्गीय हट्टाने मी ती जुलैपर्यंत ओढली. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यावर क्रीमचा थर बसतो, आणि चेहरा तळणीतून नुकत्याच काढलेल्या वड्यासारखा चकाकतो. आठवड्याभरात कपाळावर आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आल्या, आणि उरलेली डबी टाचांच्या भेगांना वाहिली. टाचांना पावसाळा-हिवाळा सारखाच, त्यांना क्रीम बारा महिने चालते.

त्यातून शिकले ते असे की सगळ्या अंगाचा ऋतू एका दिवशी बदलत नाही. नोव्हेंबरात नडग्या आणि कोपरे क्रीम मागत असतात, तेव्हा चेहऱ्याला लोशन पुरते. भर पावसाळ्यातही ऑफिसच्या एसीमध्ये आठ तास बसणाऱ्याच्या हातांची पाठ उलते, कारण एसी हवेतली ओल काढून घेतो. अशा वेळी चेहऱ्याला जेल आणि हातांना लोशन अशी वाटणी करावी लागते. डिसेंबरात जेल फेकून देण्याचेही कारण नाही. अंघोळीनंतर अंग टिपून, ते थोडे ओलसर असतानाच वाटाण्याएवढे जेल लावावे आणि ते मुरले की त्यावर क्रीम. क्रम उलटा केला तर जेल वरच घसरत राहते, आणि चोळले की उटण्याच्या मळासारख्या वळ्या निघतात.

आई या सगळ्या खटाटोपाकडे पाहून म्हणते, “आम्ही गुलाबपाण्यात ग्लिसरीन घालायचो आणि रात्री साय लावायचो.” मी तिला जेल आणि क्रीममधला फरक समजावू लागले, तेव्हा माझ्याच लक्षात आले की तिचे ग्लिसरीन म्हणजे माझे जेल आणि तिची साय म्हणजे माझे क्रीम, फक्त सायीचा वास उशीला लागतो, आणि त्याबद्दल ती काही बोलत नाही.

काल सकाळी बाटली पुन्हा गोठलेली होती. मी ती गरम पाण्याच्या मगात उभी केली आणि क्रीमच्या डबीचे झाकण उघडले, तर आत गेल्या मार्चात बोटाने काढलेला खड्डा तसाच होता.