मगावर फोटो छापून घेताना: माझा अनुभव

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून त्यांना फोटो छापलेला मग द्यायचं ठरवलं. फोटो लगेच सापडला. दिवाळीत गावच्या घराच्या ओसरीवर काढलेला, आम्ही नऊ जण एका रांगेत, मधोमध छोटी भाची आणि दोन टोकांना आई नि बाबा. मोबाइलमध्ये मूळ फोटो होता, ४००० बाय ३००० पिक्सेलचा. दुकानदाराने संगणकावर तो मगाच्या पट्टीत बसवून दाखवला आणि मला तो फार आवडला.

तरी ऑर्डर पक्की करण्याआधी मी घरी एक गोष्ट केली. नेहमीच्या मगाचा घेर साधारण २५ ते २६ सेंटिमीटर असतो. त्यातली कानाजवळची जागा सोडून छपाईला सुमारे २० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच पट्टी मिळते. तेवढाच फोटो साध्या कागदावर छापला (प्रिंट करताना `Actual size` निवडावं लागतं, नाहीतर प्रिंटर माप बदलून टाकतो), कापला आणि घरातल्या मगाला चिकटपट्टीने लावला.

समोरून फक्त मधली चार-पाच माणसं नीट दिसत होती. ज्यांच्यासाठी भेट, ते दोघं कानाच्या दोन बाजूंना गेलेले. बाबा दिसावेत म्हणून मग फिरवला की आई मागे जायची. गोल पृष्ठभागाचा अर्धाच भाग एका वेळी डोळ्यांसमोर येतो आणि त्यातही कडेचे चेहरे आकसून अरुंद दिसतात. सात-आठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात जे मावतं, तेच एका नजरेत सरळ दिसतं. म्हणजे फोटोत पिक्सेल भरपूर होते, पण मगासाठी त्याची मांडणीच चुकीची होती.

मग दोघांचाच एक उभा फोटो निवडला. तो बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला होता, १२०० बाय १६०० पिक्सेलचा. इथे मी थोडं गणित केलं. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल मिळाले तर उत्तम, २०० पर्यंत चालतं. हा फोटो पूर्ण २० सेंटिमीटरच्या पट्टीवर पसरवला, तर १२०० पिक्सेल जवळपास आठ इंचांत वाटले जातात, म्हणजे इंचाला फक्त दीडशे. शिवाय उभ्या फोटोतून आडवी पट्टी कापायची म्हणजे १६०० पैकी जेमतेम ५४० पिक्सेलची उंची उरते, त्यात कपाळ तरी जातं किंवा हनुवटी. तोच फोटो न कापता, उभाच, ८ सेंटिमीटर उंचीत बसवला की रुंदी ६ सेंटिमीटर होते आणि इंचाला पाचशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. फोटो तोच, पण एका मांडणीत धूसर आणि दुसरीत स्वच्छ.

नुसत्या आकड्यावर मात्र मी विसंबले नाही. लहान फोटो कुणी ताणून मोठा केला तर पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. म्हणून संगणकावर तो शंभर टक्क्यांवर उघडून आईच्या भुवया आणि साडीचा काठ पाहिला. केस वेगवेगळे दिसले, तेव्हा खात्री पटली. तरीही बहिणीला म्हटलं, "मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव गं." तसा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचा आकार कमी करत नाही. दुकानातही तोच दिला.

जागा ठरवायला पुन्हा कागदच कामी आला. उजव्या हाताने मग धरला की पिणाऱ्याला पट्टीचा उजवा भाग दिसतो आणि समोर बसलेल्याला डावा. दोघंही उजव्या हातानेच चहा घेतात, म्हणून फोटो उजवीकडे ठेवला. डावीकडे लग्नाची तारीख. वर-खाली पाच-पाच मिलिमीटर जागा मोकळी सोडायला सांगितली, कारण काठाजवळ आणि बुडाच्या वळणावर छपाईच्या यंत्राचा दाब सारखा बसत नाही आणि रंग फिका उतरू शकतो.

ओसरीवरचा फोटो मला सोडवत नव्हता. तो उशीवर घेतला. दुकानातली नेहमीची उशी १६ इंची चौकोनी होती. चौकोनात बसवायला फोटोची पाव रुंदी कापावी लागली असती आणि पुन्हा आई-बाबाच गेले असते. म्हणून १८ बाय १२ इंचांची आडवी उशी मागितली. ४००० पिक्सेल १८ इंचांत म्हणजे इंचाला २२० च्या वर, कापडाला ते पुष्कळ झालं. उशी भरल्यावर मात्र कडा मागे वळतात आणि थोडं कापड शिलाईत जातं. फोटोत दोन्ही टोकांना ओसरीची भिंत होती, ती मी मुद्दाम कापली नाही. वळली ती भिंतच. आई-बाबा पुढेच राहिले.