आमची वाटचाल : ‘संपूर्ण माहिती’ हे शब्द आम्ही का सोडले

कोल्हापुरातील शाहूपुरीत एका गाळ्यात टंकलेखन, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देणे एवढ्यावर आमचा व्यवसाय सुरू झाला. अर्ज भरायला येणारी माणसे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे आम्ही लिहून ठेवू लागलो. पुढे काही पतसंस्थांनी आणि सेवा केंद्रांनी आपल्या संकेतस्थळांसाठी ती पाने मागितली, आणि शासकीय योजनांची माहिती देणारी पाने तयार करणे हेच आमचे मुख्य काम झाले. या कामात सर्वांत जास्त चुका आम्ही पानाच्या मजकुरात नव्हे, तर शीर्षकात केल्या. त्यांतील एका योजनेचा अनुभव येथे मांडतो.

२८ जून २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय निघाला आणि त्याच रात्री आम्ही पान तयार केले. त्याचे शीर्षक असे होते :

```
<title>लाडकी बहीण योजना: वय २१ ते ६०, पात्रता, कागदपत्रे, शेवटची तारीख १५ जुलै, संपूर्ण माहिती</title>
```

३ जुलैला शासनाने सुधारणा केल्या. वयाची वरची मर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली आणि पाच एकर शेतीची अट वगळण्यात आली. मजकूर आम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. शीर्षक मात्र तसेच राहिले, कारण मजकूर लिहिणारा एक होता आणि शीर्षक बसवणारा दुसरा. पुढचे काही दिवस बासष्ट-त्रेसष्ट वर्षांच्या बायका ‘आमचे वय बसत नाही’ असे म्हणत दारातूनच परत जात होत्या. त्यांनी पान उघडलेच नव्हते. शोधाच्या यादीतील शीर्षकावरूनच त्यांनी, किंवा त्यांच्या नातवंडांनी, निष्कर्ष काढला होता. तेव्हापासून बदलू शकणारा आकडा शीर्षकात घालायचा नाही, आणि घालावाच लागला तर तो कोणत्या तारखेच्या शासन निर्णयातील आहे ते पानाच्या पहिल्या ओळीत सांगायचे, असा नियम आम्ही केला.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. ‘पात्रता’ आणि ‘कागदपत्रे’ हे दोन शब्द शीर्षकात शेजारी ठेवले की दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली असे वाटते, पण विचारणाऱ्याच्या मनात ते दोन वेगळे प्रश्न नसतातच. ‘माझे रेशन कार्ड केशरी आहे, तर उत्पन्नाचा दाखला लागेल का?’ हा प्रश्न पात्रतेचा की कागदपत्रांचा? अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, आणि सवलत अशी की पिवळे किंवा केशरी कार्ड असल्यास वेगळा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. म्हणजे अट कायम राहते, फक्त पुरावा बदलतो. आमच्या एका सहकाऱ्याने त्या पानाला ‘केशरी कार्डधारकांना उत्पन्नाची अट नाही’ असे शीर्षक दिले होते. ते आटोपशीर होते, लोक त्यावर भराभर येत होते, आणि ते चूक होते. आम्ही ते ‘केशरी रेशन कार्ड असल्यास लाडकी बहीण योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो का?’ असे बदलले आणि पहिल्याच वाक्यात ‘दाखला लागत नाही, अट मात्र लागू राहते’ असे लिहिले. ‘अडीच लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या महिला’ ही शब्दरचनाही याच कारणाने काढून टाकली. अट महिलेच्या नव्हे, कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे, आणि या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले.

आमच्या जिल्ह्यासाठी सर्वांत महत्त्वाचे ठरलेले पान सीमाभागामुळे सुचले. कागलची एक सून दुकानात आली. तिचे माहेर निपाणीचे. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळे कर्नाटकातले. तिने आमचेच ‘अधिवास प्रमाणपत्र नसल्यास कोणती कागदपत्रे चालतात?’ हे पान वाचले होते. त्यात पंधरा वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला यांपैकी एक चालेल असे बरोबर लिहिले होते, पण हे कागद महाराष्ट्रातले हवेत हे शीर्षकातून कळत नव्हते. शाळेचा दाखला आपल्याकडे आहे म्हणजे काम झाले, अशी तिची समजूत झाली. खरे तर परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातील पुरुषाशी विवाह झालेल्या महिलेसाठी सुधारित निर्णयात वेगळी तरतूद होती : पतीचा जन्म दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाणार होते. ती मजकुरात सातव्या परिच्छेदात होती. आम्ही ती वेगळी काढून नवे पान केले आणि शीर्षक दिले : ‘माहेर कर्नाटकात असल्यास लाडकी बहीण योजनेसाठी पतीची कोणती कागदपत्रे चालतात?’ ‘परराज्यात जन्मलेल्या महिला’ हे शासनाचे शब्द आम्ही मजकुरात ठेवले; शीर्षकात मात्र चंदगड-गडहिंग्लजकडची बाई स्वतःची परिस्थिती ज्या शब्दांत सांगते ते शब्द घेतले.

लोकांचे शब्द घ्यायचे, हेही सरसकट करता येत नाही. ‘रहिवासी दाखला’ हा शब्द बोलण्यात सहज येतो, पण ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि तहसील कार्यालयातून मिळणारे अधिवास प्रमाणपत्र हे वेगवेगळे कागद आहेत. शीर्षकात सोपा शब्द वापरला असता, तर माणसे चुकीचा कागद घेऊन रांगेत उभी राहिली असती. तेथे आम्ही ‘अधिवास (डोमिसाईल) प्रमाणपत्र’ असेच लिहितो. तो इंग्रजी शब्द गावोगावी कळतो, आणि गोंधळ होत नाही.

शीर्षक लांब झाले की शोधाच्या यादीत ते शेवटी तुटते. तुटण्याचे माप अक्षरसंख्येचे नसून रुंदीचे असते, आणि देवनागरीत संगणकाची मोजणी तर अगदीच फसवी ठरते : ‘कागदपत्रे’ या शब्दात आपल्याला पाच अक्षरे दिसतात, यंत्र नऊ मोजते. म्हणून आम्ही आकडा मोजत नाही, मोबाइलवर शीर्षक उघडून पाहतो. परिस्थिती आणि योजनेचे नाव आधी, प्रश्नाचा उरलेला भाग नंतर, असा क्रम ठेवला की शेपूट तुटले तरी अर्थ टिकतो. आमच्या संस्थेचे नाव शीर्षकातून आम्ही केव्हाच काढून टाकले. ते वाचायला कोणी येत नाही.

प्रसिद्ध करण्याआधीची आमची तपासणी साधी आहे. शीर्षक आणि पहिले वाक्य एवढेच दुकानातील दुसऱ्या कोणालातरी वाचून दाखवायचे आणि ‘आता तू कोणता कागद घेऊन जाशील?’ असे विचारायचे. उत्तर चुकले तर शीर्षक परत. प्रसिद्ध झाल्यानंतर सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाकून त्या पानापर्यंत आले ते पाहतो; ज्या प्रश्नाचे उत्तर पानात नाही त्यासाठीच लोक येत असतील, तर शीर्षक खोटे आश्वासन देत आहे असे समजतो. ‘संपूर्ण माहिती’ हे शब्द आम्ही याच कारणाने सोडले. ‘तुम्हाला मिळणार १५०० रुपये’ यासारखी शीर्षके एका ग्राहकाने आग्रहाने मागितली होती. मंजुरी देणारे आम्ही नव्हे, हे समजावूनही त्यांना पटले नाही, आणि ते काम आम्ही सोडले.

सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली आणि त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला जाऊ लागला. ‘पती आणि वडील दोघेही हयात नसल्यास ई-केवायसी कशी करावी?’ हे शीर्षक पहिल्याच आठवड्यात आमच्या वहीत लिहिले गेले, कारण दिवसातून कितीतरी जणी तेच विचारत होत्या. उत्तर मात्र तेव्हा उपलब्ध नव्हते, म्हणून पान केले नाही. नोव्हेंबरमध्ये मुदतवाढीबरोबर अशा महिलांनी मृत्यूचा दाखला सादर करण्याची तरतूद जाहीर झाली, आणि मग वहीतले ते शीर्षक, एकही शब्द न बदलता, आम्ही पानावर चढवले.