फॉलोअर्सचा आकडा नसलेलं पत्र

दागिन्यांच्या दुकानाच्या मालकांनी दुकानाचं इन्स्टाग्राम तीन महिने सांभाळण्याचा प्रस्ताव मागितला, तेव्हा मी आधी त्या खात्याचा इनबॉक्स बघायला मागितला. काउंटरवरच उघडला. 'किंमत?', 'वजन किती?', 'हेच डिझाइन हलक्यात मिळेल?' अशी रांग लागली होती. बहुतेकांना उत्तरच नव्हतं. काहींना दोन दिवसांनी 'दुकानात या' एवढंच. शेठ चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे हे सगळे येऊन परत गेले?"

म्हणून प्रस्तावाच्या पत्रातला पहिला महिना मी उत्तरांना दिला. नव्या पोस्ट मुद्दाम कमी ठेवल्या. सोन्याचा भाव रोज हलतो. पोस्टवर किंमत छापली तर उद्या ती चुकीची ठरते, लपवली तर बघणारा पुढे सरकतो. मी सुचवलं, पोस्टखाली वजन, कॅरट आणि घडणावळ लिहायची, आणि विचारणाऱ्याला त्या दिवसाच्या भावाने करासकट हिशेब तासाभरात पाठवायचा. घडणावळ उघड करायला शेठ तयार नव्हते. "शेजारचा लगेच खाली उतरेल." मुद्दा रास्त होता. घडणावळ फक्त खासगी मेसेजमध्ये, असं तिथेच दुरुस्त केलं.

मग फोटो. त्यांच्या एका अंगठीच्या फोटोत, कड्यावर फोटो काढणाऱ्याचा चौकड्याचा शर्ट स्पष्ट दिसत होता. चकचकीत सोनं आरशासारखं वागतं. खिडकीच्या काचेवर बटर पेपर लावून, दुकानातले दिवे बंद करून तीच अंगठी पुन्हा टिपली. शर्ट गेला, पिवळा रंगही खरा आला. पण त्या मऊ उजेडात हिरा मेला. त्याला बाजूने छोटा टॉर्च लागतो. त्यामुळे सोनं आणि हिरे वेगवेगळे टिपायचे, हे पत्रात आलं.

दुसऱ्या महिन्यात थोड्या पैशांची जाहिरात, तीही दुकानाच्या आसपासच्या भागापुरती, दाबली की थेट व्हॉट्सॲप उघडणारी. तिसऱ्यात, ज्या पोस्टवरून विचारणा आली तेवढ्याच पुढे चालवायच्या.

"फॉलोअर्स किती वाढतील?" हा प्रश्न आलाच. तो आकडा पत्रात नव्हता. त्याजागी दोन रकाने होते, विचारणा किती आणि दुकानात आले किती. विक्रीची हमी मी दिली नाही, कारण आज हार बघणारा तो कधी घेईल याचा नेम नसतो. दुसरा रकाना भरायचा तर काउंटरवरच्या माणसाने प्रत्येकाला 'कुठे पाहिलंत?' विचारून वहीत लिहायला हवं. वही कोरी राहिली तर माझं काम चाललं की नाही हे मलाही सांगता येणार नाही, हेही पत्रात होतं.

शेठ सर्वात जास्त वेळ थांबले ते शेवटच्या कलमावर. खातं त्यांच्या नावावर, पासवर्ड त्यांच्याकडे, जाहिरातीचे पैसे माझ्या मेहनतान्यात न मिसळता थेट त्यांच्या कार्डावरून. आधीचं एक खातं असंच कुणाच्या तरी हातात राहून गेलं होतं म्हणे. सही केली आणि मुलाला हाक मारली, "वही आण रे एक, रकाने मॅडम आखून देतील."