चोवीस तासांची लघवी आणि चार वर्षांचा मुलगा

चार वर्षांच्या मुलाची चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमा करून आणा, असं सांगणाऱ्याने एकदा स्वतःच्या घरी ते करून दाखवावं. राग अजून गेलेला नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

आमच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. म्हणजे मूत्रपिंडाची गाळणी सैल होते आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीवाटे वाहून जातं. रक्तात ते कमी पडलं की शरीरात मीठ-पाणी साठून सूज येते. त्याचे डोळे सकाळी सुजायचे आणि दुपारपर्यंत उतरायचे. पहिल्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून ड्रॉप्स दिले. मग पोट फुगलं, चड्डीचं इलॅस्टिक कमरेत रुतायला लागलं, लघवीला साबणासारखा फेस यायला लागला. आमच्या भागातल्या एका नर्सिंग होममध्ये दाखवलं, अल्ब्युमिन १.८ म्हणजे फारच कमी आलं, कोलेस्टेरॉल भरपूर. इथवर सगळं पटकन झालं.

मग हातात चिठ्ठी आली: चोवीस तासांचं युरीन प्रोटीन.

त्याची पद्धत अशी. सकाळी सातला मुलाने लघवी केली की ती फेकायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळी सातची धरून. एकही सुटता कामा नये, कारण एक जरी सुटली तरी आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. कॅन थंड जागी ठेवायचा. आता हे पोर शी करताना लघवी करतं, ती कशी वेगळी काढणार? रात्री गादी ओली झाली, तर ती कॅनमध्ये कशी पिळणार? सासूबाई बाथरूमबाहेर भांडं घेऊन उभ्या, आणि मुलगा सगळे बघतायत म्हणून लघवीच करेना. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी तो कॅन.

रात्री गादी ओली झालीच. लॅबच्या काउंटरवर मी ते खरं खरं सांगितलं, तर सँपल रद्द. पुन्हा कॅन, पुन्हा सगळा दिवस. त्या खेपेला खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, एवढीच? लहान मुलाची असली तरी जास्त पाहिजे." सुजलेल्या मुलाला लघवी कमीच होते, आजारच तो आहे, हे मला तेव्हा नीट माहीत असतं तर तिथेच ऐकवलं असतं. एकाच सँपलवर काही होत नाही का विचारलं, तर "चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच" हे उत्तर. वर डॉक्टरांना भेटायला गेलो तर ते संध्याकाळी येणार. या सगळ्यात औषध सुरूच झालेलं नव्हतं आणि मुलाचं वजन वाढतच होतं. नेहमीचं १६ किलो, ते १८च्या वर गेलं.

शेवटी नवऱ्याने सरळ टॅक्सी केली आणि आम्ही परळला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, मुलांच्या किडनी ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी कॅनकडे पाहिलंसुद्धा नाही. "एवढ्याशा मुलाला चोवीस तास कशाला? सकाळची पहिली लघवी आणा, छोट्या डबीत." तिच्यात प्रोटीन आणि क्रिएटिनिन, म्हणजे लघवीतून रोज साधारण तेवढाच बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ, दोन्ही मोजतात आणि प्रोटीनला क्रिएटिनिनने भागतात. लघवी पातळ असो की दाट, दोन्ही आकडे एकत्रच वरखाली होतात, म्हणून भागाकार भरवशाचा राहतो. आमच्या मुलाचं प्रोटीन ५४० आणि क्रिएटिनिन ६०, म्हणजे गुणोत्तर ९. या वयात ते ०.२च्या आत हवं, आणि २च्या वर गेलं की हा आजार धरतात. पहिलीच लघवी का, तर काही मुलांमध्ये दिवसभर उभं राहून-खेळून थोडं प्रोटीन तसंही येतं, झोपेतून उठल्यावरच्या लघवीत ती भेसळ नसते. तेव्हा तुम्हाला कोणी कॅन दिला, तर "सकाळच्या सँपलवर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो चालेल का?" हे वाक्य घोकून जा.

वॉर्डात राहिलो ते दिवस सोपे गेले. स्टिरॉइड सुरू झालं: सहा आठवडे रोज, मग सहा आठवडे एक दिवसाआड, सकाळी नाश्त्यानंतर. डोस सुजेशिवायच्या वजनावर काढला. खरं शिकवलं ते तिथल्या सिस्टरने. वजन रोज एकाच काट्यावर, उठून लघवी झाल्यावर, खाण्याआधी, फक्त चड्डीवर. पोटाचा घेर बेंबीवरून टेपने. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरायचा आणि खड्डा राहतो का बघायचं. रक्तदाब रोज घ्यायच्या, स्टिरॉइडने तोही चढतो म्हणून. प्यायलेलं पाणी आणि झालेली लघवी एका तक्त्यात. आधी लघवी वाढली, वजन उतरायला लागलं, प्रोटीन नंतर थांबलं.

घरी लघवी तपासायला पट्टी मिळते: बुडवायची, कडेला झटकायची, बरोबर साठ सेकंदांनी बाटलीवरच्या रंगांशी जुळवायची. पिवळी म्हणजे नाही, हिरवी होत जाईल तसं जास्त. मुंबईच्या पावसाळ्यात बाटलीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. सिस्टरचा स्वस्त उपाय वेगळा होता. काचेच्या नळीत थोडी लघवी घ्यायची, सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे तीन-चार थेंब टाकायचे आणि मागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं स्वच्छ दिसली तर प्रोटीन नाही. धुरकट पण वाचता आली तर थोडं. दुधासारखं गढूळ होऊन काहीच दिसेना, तर तीन प्लस, म्हणजे खूप. ते ॲसिड मुलाच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवायचं. सलग तीन दिवस नाही किंवा नुसता ट्रेस, म्हणजे आजार आटोक्यात. सलग तीन सकाळी तीन प्लस किंवा जास्त, म्हणजे पुन्हा उलटला, डॉक्टरांना फोन. सर्दीत एखाद्या दिवशी एक-दोन प्लस येऊन जातं, तेवढ्याने धाव घेऊ नका, रोज तपासत राहा.

जेवणाचं. सासूबाईंचं म्हणणं, प्रोटीन वाहून जातंय तर रोज चार अंडी घाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वयाला लागतं तेवढंच द्या. जास्त घातल्याने रक्तातलं अल्ब्युमिन वाढत नाही, गळती बंद झाली की ते आपोआप भरतं. कमी करायचं ते मीठ, सूज असेपर्यंत: पापड, लोणचं, वेफर्स, फरसाण, सॉस, आणि बिस्किटं-पावसुद्धा, त्यात मीठ असतं हे लक्षात येत नाही. 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असतं, ते विचारल्याशिवाय नको. स्टिरॉइडने भूक राक्षसासारखी लागते. रात्री तीनला उठून "भात दे" म्हणायचा. आम्ही काकडी, बिनमिठाच्या लाह्या, पेरूच्या फोडी जवळ ठेवायचो. पाणी मात्र स्वतःहून तोडू नका, ते किती हे सुजेवर आणि सोडियमवर डॉक्टर ठरवतात.

ताप आला, पोट दुखलं, लघवी फार कमी झाली, उलट्या-जुलाब लागले किंवा एकच पाय सुजून दुखायला लागला, तर त्याच दिवशी दाखवायचं. या मुलांना पोटात जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करायचं नाही. आणि हो, शाळेत किंवा बिल्डिंगमध्ये कोणाला कांजिण्या आल्या नि आपला त्याच्यासोबत खेळला असेल, तर अंगावर पुळी येण्याची वाट न बघता लगेच कळवायचं. स्टिरॉइड चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी द्यायच्या की नाही हेही त्यांनाच विचारून. लसीकरणाचं कार्ड प्रत्येक खेपेला फाइलमध्ये हवं, आमच्या ओपीडीत पहिला प्रश्न तोच असतो.